इंट्राडे किंमत-डेटाचे शुद्धीकरण

इंट्राडे डेटाचे शुद्धीकरण : एका व्यवहार-दिवसातील सौद्यागणिक (टिक) किंवा मिनिटागणिक (बार) नोंदलेल्या किमती बॅकटेस्टला, म्हणजे सौद्यांची एखादी पद्धत जुन्या किमतींवर चालवून पाहण्याच्या चाचणीला, वापरण्याआधी तपासून त्यांतील वेळेच्या चुका, खोट्या टिक आणि गळालेले बार यांची व्यवस्था लावण्याची प्रक्रिया. न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या सौद्यांचा आणि भावांचा टॅक नावाचा संग्रह जानेवारी १९९३ पासूनचा आहे. या विषयावरील अभ्यासपूर्ण लेखन साधारणपणे त्यानंतरच्या दशकात वाढलेले दिसते.

शुद्धीकरणाचा क्रम कोणता असावा, याबद्दल लिहिणाऱ्यांत एकमत नाही. अनेक जण खोट्या टिकपासून सुरुवात करतात. प्रस्तुत नोंदीत वेळेची तपासणी आधी घेतली आहे, कारण घड्याळ चुकले की ती चूक गळालेल्या बारांचे रूप घेते, आणि ते बार भरून काढले की मूळ चूक कायमची झाकली जाते.

वेळेची चूक. न्यूयॉर्कचा बाजार तेथील वेळेनुसार सकाळी ९:३० ते दुपारी ४:०० चालतो, म्हणजे एक-एक मिनिटाचे ३९० बार. हिवाळ्यात न्यूयॉर्क यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास मागे असते आणि उन्हाळी वेळेत ४ तास. २००७ पासून अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. आता एखाद्या फाइलमधील वेळ यूटीसीत आहे आणि वापरणाऱ्याने वर्षभर सरसकट ५ तास वजा केले, असे समजा. ८ मार्च २०२४ च्या शुक्रवारपर्यंत सगळे बरोबर येते. ११ मार्चच्या सोमवारी मात्र बाजार ८:३० ला उघडलेला आणि ३:०० ला बंद झालेला दिसतो. त्यावर ९:३० ते ४:०० ची चाळणी लावली की खऱ्या सत्राचा पहिला तास फेकला जातो, शेवटचा तास रिकामा राहतो आणि ३९० ऐवजी ३३० बार उरतात. पुढच्या पायरीत कोणी ते ६० बार मागच्या किमतीने भरले, तर रोज शेवटचा तास सपाट रेषेसारखा दिसतो. पहिल्या अर्ध्या तासाच्या उच्च-नीच पट्ट्यावर बेतलेली पद्धत तर प्रत्यक्षात १०:३० ते ११:०० चा पट्टा वापरत राहते, आणि हे नोव्हेंबरपर्यंत चालते.

बार मोजून ही चूक पकडता येते, पण प्रत्येक वेळी नाही. फाइलमध्ये बाजार बंद झाल्यानंतरचे सौदेही असतील, तर तो रिकामा तास त्यांनीच भरतो आणि संख्या जवळपास ३९० येते. अशा वेळी व्हॉल्यूम जास्त भरवशाचे. उघडताना आणि बंद होताना उलाढाल फुगते, मध्यान्हीला ओसरते. महिन्यागणिक प्रत्येक मिनिटाचे सरासरी व्हॉल्यूम काढले आणि दोन्ही टोकांचे उंचवटे मार्चमध्ये एका तासाने सरकलेले दिसले, तर घड्याळ चुकले आहे हे नक्की.

उपाय म्हणजे ठरावीक तासांची वजाबाकी सोडून प्रदेशाच्या नावाने रूपांतर करणे :

```python
t = df.tz_localize("UTC").tz_convert("America/New_York")
n = t["close"].between_time("09:30", "15:59").resample("D").count()
```

येथे `EST` लिहिले तर पुन्हा वर्षभर ५ तासच वजा होतात. `Etc/GMT+5` या नावातील चिन्ह उलटे असून त्याचा अर्थ यूटीसीच्या ५ तास मागे असा होतो. याहून फसवी चूक लंडनच्या वेळेतील फाइलमध्ये सापडते. युरोपात घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. म्हणून ५ तासांचा नेहमीचा फरक २०२४ मध्ये १० ते ३१ मार्च आणि २७ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या काळातच ४ तासांवर आला. वर्षातले हे चारच आठवडे बिघडतात, आणि सरासरीवर विसंबणाऱ्याला ते दिसत नाहीत.

बारवरची वेळ त्याच्या सुरुवातीची की शेवटची, हेही विक्रेत्यागणिक बदलते. सुरुवातीची वेळ असेल तर ९:३५ चा पाच मिनिटांचा बार ९:४० लाच पूर्ण होतो. त्याची बंद किंमत ९:३५ ला ठाऊक होती असे धरणारी बॅकटेस्ट पाच मिनिटे पुढचे पाहून सौदा करते. एक मिनिटाच्या फाइलमध्ये सत्राचा पहिला बार ९:३० चा असेल तर ती सुरुवातीची वेळ, ९:३१ चा असेल तर बहुधा शेवटची.

खोट्या टिक. सौदे १००.०२, १००.०३, १०.००, १००.०४ असे आले, तर तिसऱ्यात दशांशचिन्ह सरकले आहे हे डोळ्यांना कळते. पण त्याच टिकांपासून मिनिटाचा बार बनला की १०.०० ही त्याची नीच किंमत होऊन बसते, आणि कधीच न झालेला स्टॉप लॉस, म्हणजे तोटा ठरावीक मर्यादेवर थांबवणारी विक्री, बॅकटेस्टमध्ये लागतो. म्हणून टिक उपलब्ध असतील तर चाळणी बार बनवण्याआधी लावावी.

चाळणी कशी असावी यावर दोन मते प्रचलित आहेत. ब्राउनलीस आणि गाल्लो (२००६) शेजारच्या सौद्यांची, टोके छाटलेली सरासरी घेतात आणि तिच्यापासून प्रमाण विचलनाच्या तिप्पट अधिक एक छोटी स्थिर रक्कम एवढे अंतर चालवून घेतात. ती रक्कम किरकोळ वाटते, पण किंमत काही काळ अजिबात हलली नाही तर विचलन शून्य होते आणि तिच्याशिवाय एका सेंटची खरी हालचालही खोटी ठरते. बार्नडॉर्फ-निल्सन, हॅन्सन, लुंडे आणि शेफर्ड (२००९) भावांच्या मध्यबिंदूसाठी आधीच्या २५ आणि नंतरच्या २५ नोंदींचा मध्यक घेऊन सरासरी निरपेक्ष विचलनाच्या दहापट मर्यादा ठेवतात. अस्थिरता मोजण्यासाठी हे योग्यच आहे. बॅकटेस्टमध्ये मात्र नंतरच्या २५ नोंदी म्हणजे भविष्य. तेथे फक्त मागची खिडकी वापरणे अधिक प्रामाणिक वाटते, जरी तिच्यामुळे खऱ्या उसळीची पहिली टिक कधीकधी गमावली जाते.

विक्षिप्त दिसणारी प्रत्येक किंमत खोटी नसते. ६ मे २०१० च्या दुपारी अमेरिकी बाजारात काही शेअर खरोखरच एका सेंटला विकले गेले. २:४० ते ३:०० दरम्यानचे, २:४० च्या किमतीपासून ६० टक्के किंवा अधिक लांबचे सौदे नंतर रद्द झाले. रद्द सौदे पुसलेल्या फाइलवर चालणारी पद्धत तो क्षण पाहतच नाही, प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्याने मात्र तो पाहिला असता. त्यामुळे दोन स्तंभ ठेवणे बरे : संकेतासाठी त्या वेळी दिसलेली किंमत, आणि सौदा पुरा झाल्याच्या हिशेबासाठी दुरुस्त किंमत.

गळालेले बार. बार नसण्याची दोन कारणे असू शकतात : त्या मिनिटात सौदाच झाला नाही, किंवा झाला पण नोंद हरवली. एकाच शेअरचा बार नसेल तर बहुधा पहिले, एकाच मिनिटाला शेकडो शेअरचे नसतील तर दुसरे. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बाजार १:०० ला बंद होतो, म्हणून त्या दिवसाचे २१० बार पूर्णच समजावेत. सौदा झाला नसेल तर मागची बंद किंमत चारही किमतींत घालून व्हॉल्यूम शून्य ठेवतात, आणि अशा बारवर सौदा पुरा झाल्याचे धरत नाहीत. नोंद हरवली असेल तर ती जागा रिकामीच ठेवून त्या काळात नवा सौदा घेऊ देत नाहीत. दोन किमतींमध्ये सरळ रेषा ओढून भरणे दोन्ही बाबतीत टाळावे. १००.०० आणि १००.६० यांमधील दोन मिनिटे १००.२० आणि १००.४० अशी भरली, तर पहिल्या मिनिटालाच पुढची चढण दिसू लागते आणि कल ओळखणारी कोणतीही पद्धत तेथे नफा दाखवते.