नावापुढील पदवीसंक्षेप व त्यांचा क्रम

विद्यापीठाची पदवी, व्यवसायाचा परवाना, विद्वत्संस्थेचे सदस्यत्व यांची आद्याक्षरे आडनावानंतर लिहिण्याची पद्धत. स्वाक्षरीखाली, लेखाच्या शीर्षाशी किंवा नामफलकावर ती दिसतात. ती कोणत्या क्रमाने लिहावीत याचा सर्वत्र चालणारा एकच नियम नाही. दोन प्रथा रूढ आहेत आणि त्यांतला पदव्यांचा क्रम एकमेकींच्या उलट आहे. म्हणून एका स्वाक्षरीत दोन्हींची सरमिसळ झालेली नाही ना, हे आधी पाहावे लागते.

ब्रिटिश प्रथेत पदव्या चढत्या क्रमाने येतात : बी.ए., एम.ए., पीएच.डी. राजसन्मान पदव्यांच्या आधी आणि विद्वत्संस्थांची सदस्यत्वे पदव्यांनंतर लिहितात. ओ.बी.ई. हा सन्मान मिळालेला संशोधक रॉयल सोसायटीचा फेलोही असेल, तर त्याच्या नावापुढे ओ.बी.ई., पीएच.डी., एफ.आर.एस. असा क्रम लागतो. अमेरिकी प्रथेत सर्वोच्च पदवी पहिली येते आणि बहुधा तेवढीच लिहितात. एखाद्या विषयात पीएच.डी. झाली म्हणजे त्याखालच्या पायऱ्या ओलांडलेल्या असतातच, त्यामुळे त्या पुन्हा मोजून दाखवण्याची गरज उरत नाही.

वैद्यकात मात्र खालची पदवी सहसा गाळत नाहीत. एम.बी.बी.एस., एम.डी. अशी जोडी लिहितात, कारण पहिलीने वैद्यकीय व्यवसायाचा पाया सिद्ध होतो आणि दुसरीने विशेष शाखेतील शिक्षण. पण अमेरिकेत एम.डी. हीच वैद्यकाची पहिली पदवी असल्याने तिच्याआधी काहीच येत नाही, आणि ब्रिटनमध्ये ती परंपरेने संशोधनासाठी दिली जाते. त्यामुळे पदवी कुठली हे ठाऊक नसताना नुसत्या अक्षरांवरून तिची पातळी ठरवू नये.

क्रमामागचा विचार सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो अमेरिकेतील परिचर्या-व्यवसायात. तिथे आधी पदवी, मग परवाना, मग विशेष प्रावीण्याचे प्रमाणपत्र आणि शेवटी सन्मान, असा क्रम पाळतात. कसोटी टिकाऊपणाची आहे. मिळवलेली पदवी अगदी अपवादात्मक परिस्थितीतच काढून घेतली जाते, म्हणून ती नावाला सर्वांत जवळ. परवान्याचे नूतनीकरण करावे लागते, पण त्याच्याशिवाय काम करता येत नाही, म्हणून तो दुसरा. प्रमाणपत्र बहुधा ऐच्छिक असते आणि मुदत संपली की उतरवावे लागते.

समजा, एका परिचारिकेने बी.एस.एन. ही परिचर्येची पदवी घेतली, आर.एन. हा नोंदणीचा परवाना मिळवला आणि पुढे व्यवस्थापनात एम.बी.ए. केले. तिची स्वाक्षरी एम.बी.ए., बी.एस.एन., आर.एन. अशी होईल. एम.बी.ए. वरच्या पातळीची म्हणून पहिली. बी.एस.एन. मात्र गाळायची नाही, कारण विषय वेगळा आहे आणि परिचर्येतील तिची सर्वोच्च पदवी तीच आहे. उद्या तिने परिचर्येत पीएच.डी. केली, तर बी.एस.एन. गळून पीएच.डी. पहिली येईल. एम.बी.ए. ठेवायची की नाही हे तिच्या कामावर ठरेल : रुग्णालयाचे प्रशासन पाहत असेल तर ठेवावी, प्रयोगशाळेत संशोधन करत असेल तर नसली तरी चालेल. आर.एन. दोन्ही वेळा पदव्यांनंतरच राहील. आर.एन., बी.एस.एन. असा उलटा क्रम दिसला, तर परवाना पदवीच्या पुढे गेला आहे हे लगेच ओळखता येते.

बिंदूंची चूकही वारंवार आढळते. ‘पीएच’ ही एकाच शब्दाची दोन अक्षरे असल्याने त्यांच्यामध्ये बिंदू येत नाही : पीएच.डी. बरोबर, पी.एच.डी. चूक. एलएल.बी. या पदवीतील दोन ‘एल’ लॅटिनमधील ‘कायदे’ या अनेकवचनासाठी जोडीने येतात, म्हणून तिथेही ती जोडी तोडू नये. एकही बिंदू न देण्याची शैलीही मान्य आहे, मात्र मग ती सर्वच संक्षेपांना लावावी.

नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीएच.डी.’ ही एकाच गोष्टीची द्विरुक्ती होते. स्वाक्षरीत मागची अक्षरे ठेवून ‘डॉ.’ गाळणे योग्य, कारण अक्षरांवरून पदवी नेमकी कोणती ते कळते. मानद पदवी लिहायचीच असेल, तर ती मिळवलेल्या पदव्यांच्या रांगेत न मिसळता शेवटी ‘मानद’ असा स्पष्ट उल्लेख करून द्यावी. नाहीतर तिच्यामागे परीक्षा किंवा प्रबंध आहे असा वाचणाऱ्याचा समज होतो. अभ्यास चालू असलेली पदवी आद्याक्षरांच्या रूपात लावत नाहीत. पीएच.डी.पुढे कंसात ‘उमेदवार’ असे घालूनही ते चालत नाही. असा विद्यार्थी हातात असलेली शेवटची पदवी लिहितो आणि स्वाक्षरीच्या पुढच्या ओळीत ‘संशोधक विद्यार्थी’ असे पद देतो.