पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉन खरोखर खाते का?

‘पोटाची चरबी तुमच्या पुरुषी हार्मोनचे रूपांतर स्त्री-हार्मोनमध्ये करते’ असे सांगून ‘इस्ट्रोजेन ब्लॉकर’ नावाच्या कॅप्सूल विकणाऱ्या जाहिराती सध्या वारंवार दिसतात. या विधानात तथ्य आहे, परंतु जाहिरातीत त्यापुढचा हिशेब सांगितलेला नसतो.

चरबीच्या ऊतींमध्ये अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते आणि ते टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन तयार करते. निरोगी पुरुषाच्या शरीरात रोज साधारण 6 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होते आणि त्यातील अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग, म्हणजे 20 ते 25 मायक्रोग्रॅम, अशा प्रकारे रूपांतरित होतो. लठ्ठपणामुळे हे प्रमाण तिप्पट झाले असे मानले, तरी 6 मिलिग्रॅममधून जेमतेम एक टक्क्याच्या आसपास घट होईल. प्रत्यक्षात मात्र अतिलठ्ठ पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन निम्म्यावर आलेलेही आढळते. ही तफावत केवळ रूपांतराने भरून निघत नाही.

मग हार्मोन जाते कुठे? बऱ्याचदा ते कुठेच जात नाही. कमी होतो तो त्याचा वाहक. रक्तातील टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग एसएचबीजी या प्रथिनाला घट्ट बांधलेला असतो, बराचसा अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला सैल चिकटलेला असतो, आणि सुमारे दोन-तीन टक्केच मोकळा फिरतो. एसएचबीजी यकृतात तयार होते. यकृतात चरबी साठली आणि इन्शुलिन सतत चढे राहिले, की त्याची निर्मिती घटते. प्रयोगशाळेची नेहमीची चाचणी बांधलेले आणि मोकळे हार्मोन एकत्र मोजत असल्यामुळे वाहक कमी झाला की एकूण आकडाही खाली येतो. पोटाचा घेर आणि हार्मोन यांच्या नात्याचा मोठा भाग असा यकृतातून जातो.

एक कल्पित उदाहरण पाहू. दोन पुरुषांचे एकूण टेस्टोस्टेरॉन सारखेच आहे, 260 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे अनेक डॉक्टर वापरतात त्या 300 च्या मर्यादेखाली. पहिला लठ्ठ असून त्याचे एसएचबीजी 14 नॅनोमोल प्रति लिटर आहे. दुसरा सडपातळ व वयस्कर असून त्याचे 45 आहे. अल्ब्युमिन दोघांचेही सामान्य धरून प्रचलित सूत्राने मोकळे टेस्टोस्टेरॉन काढले, तर पहिल्याचे साधारण 75 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर येते आणि दुसऱ्याचे 41. युरोपातील पुरुषांच्या वार्धक्याच्या मोठ्या अभ्यासात वापरलेली मर्यादा सुमारे 64 होती. म्हणजे अहवालावर आकडा एकच असला, तरी खरी कमतरता बहुधा दुसऱ्यालाच आहे.

लठ्ठपणा वाढत गेला, की मात्र मोकळे हार्मोनही घटते. तेव्हा दोष मेंदूकडे जातो. हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संकेत देतो, पिट्युटरी एलएच नावाचे हार्मोन स्रवते आणि त्याच्या आज्ञेवर वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतात. इस्ट्राडायोल हा संकेत अतिशय अल्प मात्रेतही दाबू शकते, त्यामुळे अ‍ॅरोमॅटेजची भूमिका पूर्णपणे नाकारता येत नाही. परंतु टाइप 2 मधुमेह असलेल्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांमध्ये इस्ट्राडायोलही वाढलेले नव्हे, तर कमी आढळले आहे. कच्चा मालच कमी असल्यावर उत्पादन कुठून वाढणार? म्हणून चरबीतून येणारा दाह, चरबीतूनच येणाऱ्या लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनला मिळणारा बिघडलेला प्रतिसाद आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांचाही या दडपणात वाटा मानला जातो. शिवाय पुरुषाच्या हाडांना इस्ट्रोजेन आवश्यक असते, आणि प्रयोगात त्याचा अभाव निर्माण केल्यावर चरबी उलट वाढलेली दिसली आहे. त्यामुळे ‘इस्ट्रोजेन अडवा’ हा सल्ला शास्त्राचा नसून विक्रीचा आहे.

वजन घटवल्यावर हार्मोन वाढते का? वाढते, मात्र मर्यादेत. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात आहारनियंत्रणाने सुमारे 10 टक्के वजन घटलेल्या पुरुषांचे एकूण टेस्टोस्टेरॉन सरासरी 80 च्या आसपास नॅनोग्रॅमने वाढले, तर जठरावरील शस्त्रक्रियेने सुमारे 32 टक्के वजन घटलेल्यांचे 250 ने. आपल्या पहिल्या पुरुषाचे वजन 100 किलो असेल आणि त्याने 10 किलो घटवले, तर 260 चे सुमारे 340 होणे अपेक्षित धरता येईल; मात्र यातील काही वाढ केवळ एसएचबीजी पूर्ववत झाल्यामुळे असेल, मोकळे हार्मोन तेवढे बदलणार नाही. कडक उपवासाच्या काळात तर एलएचच मंदावते, म्हणून वजन स्थिरावल्यावर, सकाळी उपाशीपोटी, रक्त तपासणे योग्य ठरते.

तपासणीत एलएच पाहणेही आवश्यक आहे. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढलेले असेल, तर मेंदू आज्ञा देत आहे आणि वृषणच ती पाळू शकत नाहीत. अशा बिघाडाचे मूळ पोटाच्या घेरात नसते आणि वजन उतरल्याने तो दुरुस्त होण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. एलएच कमी किंवा सामान्य असेल, तर लठ्ठपणा हे संभाव्य कारण ठरते, परंतु त्याआधी प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचे हार्मोन तपासून पिट्युटरीची गाठ नाही, याची खात्री करावी लागते.