नाव घातलेली शुभेच्छा आणि त्या माणसाला लिहिलेली शुभेच्छा

आलेल्या फॉरवर्डच्या सुरुवातीला ‘प्रिय दादा’ घातलं की मेसेज आपला झाला, असं पुष्कळांना वाटतं. मजकूर कॉपी करून चिकटवला की वरचं Forwarded हेही जातं, त्यामुळे नाव घातलेला फॉरवर्ड आणि स्वतः लिहिलेला मेसेज वरवर सारखेच दिसतात. फरक बघायचा तर ‘दादा’च्या जागी ‘भावजी’ टाकून वाचा. कुठेच खटकलं नाही, तर तो मेसेज कुणालाच लिहिलेला नाही.

साताऱ्यातल्या चुलतभावाला पाठवायला हा मजकूर हाती आलाय असं धरू:

*प्रिय दादा, आपणास वाढदिवसाच्या अनंत शुभेच्छा! यशाची उत्तुंग शिखरे आपण सर करावीत, आयुष्याची वाट फुलांनी बहरावी, आई तुळजाभवानी आपणास उदंड आयुष्य देवो.*

पहिला खडा ‘आपणास’. ज्याला लहानपणापासून ‘दादा, तू’ म्हणतो, त्याला अचानक ‘आपण’ म्हटलं की चौकातल्या फ्लेक्सचा वास येतो. खाली ‘शुभेच्छुक’ तेवढं राहिलेलं असतं.

मग तीन इच्छांपैकी एकच ठेवायची, जिच्याखाली तुम्हा दोघांचं काही खरं घडलेलं आहे. इथे शिखर आहे, आणि दोघं मिळून अजिंक्यतारा चढलेले आहेत. उतरताना धाकट्याच्या चप्पलचा अंगठा तुटला, दादाने रुमालाने बांधून दिला. पहिल्या झटक्यात बहुतेक जण असं लिहितात:

*दादा, आठवतं का, लहानपणी आपण अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो, माझी चप्पल तुटली आणि तू खूप मदत केलीस. किती छान दिवस होते ते!*

आठवण खरी, तरी मेसेज पुन्हा फॉरवर्डसारखाच. जो तिथे होता त्यालाच सगळा प्रसंग सांगत बसलोय, आणि ‘खूप मदत’ तर कुणीही केलेली असते. रुमाल मात्र त्यानेच बांधला होता, आणि नेमका तोच गळाला. म्हणून प्रसंग गाळायचा, वस्तू ठेवायची:

*दादा, हॅपी बड्डे. तू रुमालाने बांधलेली चप्पल पार राजवाड्यापर्यंत टिकली होती. रुमाल काय मी परत दिला नाही. यंदा परत चढू, रुमाल मी आणतो.*

आता इथे भावजी टाकून बघा. ते विचारतील, “कसला रुमाल?”

‘शिखरे सर करा’ ही इच्छा गेली नाही, ‘परत चढू’मध्ये आली. एवढं झाल्यावर शेवटी ‘जीवेत् शरदः शतम्’ जोडायचा मोह होतो. जोडलंत की वरचा रुमालही कुठूनतरी उचललेला वाटतो. तुळजाभवानीची ओळ मात्र सरसकट काढू नका. दादा दर वर्षी तुळजापूरला जात असेल तर ती त्याचीच आहे, फक्त ‘देवो’ऐवजी ‘यंदा कधी निघतोयस?’ असं विचारा.

आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकणार असाल तर ज्यात तो रुमाल बांधतो ती आठवण घ्या. ज्यात तो घसरून पडतो, ती त्याच्या एकट्याच्या नंबरवर.