नीलमाभोवतीचं लाल कडं

साडेसातीत घेतलेली अंगठी मावशीने माझ्यासमोर ठेवली. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातली. बिलावर एवढंच: ‘नीलम, ५ कॅरेट’. "भिंगातून बघ, आत बारीक सुया आहेत. म्हणजे खाणीतलाच ना?"

सुया होत्या खऱ्या. पण कोंदण मागून बंद होतं, म्हणून कारागिराकडून खडा काढून घेतला. पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला आणि वरून उजेड पाडला. निळ्या खड्याच्या कडेने बारीक लाल कडं उमटलं.

हे डब्लेट. खाली निळी काच, वर तांबड्या गार्नेटचा पातळ पापुद्रा, दोन्ही तापवून एकजीव केलेले. पापुद्रा इतका पातळ की समोरून निळाच रंग दिसतो. गार्नेट काचेपेक्षा कठीण, त्यामुळे वरच्या भागावर लवकर चरे पडत नाहीत. शिवाय ते खाणीतलं असल्यामुळे त्याच्यातल्या सुयाही नैसर्गिकच. मावशी फसली ती याच सुयांना. खडा तिरका धरला की जोडाची रेघ दिसते, कारण तिच्या दोन बाजूंची चमक वेगळी असते. जोडाच्या पातळीत अडकलेले हवेचे बुडबुडेही सापडतात.

कृत्रिम नीलमाचं तसं नाही. तो नीलमच, तेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, फक्त भट्टीत वाढवलेलं. ज्वाळेत वितळवून केलेल्या खड्यात रंगाचे पट्टे वाकडे, कमानीसारखे असतात. खाणीतल्या नीलमात ते सरळ किंवा कोनात वळलेले. निळी काच मात्र नुसती नक्कल. स्पिनेल हा नीलमाहून वेगळाच खडा. गंमत म्हणजे नीलम म्हणून खपवलेला कृत्रिम स्पिनेल एकाच वेळी कृत्रिमही असतो आणि नक्कलही.

सगळ्यात अवघड काम काच भरलेल्या खड्याचं. तडे गेलेल्या हलक्या नीलमात शिसेयुक्त काच भरतात, म्हणून त्याला संमिश्र म्हणायचं. खडा हलवला की तड्यांत निळ्या-जांभळ्या झाका चमकतात. लिंबाच्या रसानेही ही काच खराब होते, सोनाराच्या बत्तीने तर होतेच. विकताना हे सांगायलाच हवं. त्याचा भाव खाणीतल्या नीलमाच्या कॅरेटने लावणं म्हणजे भरलेल्या काचेचेही नीलमाचे पैसे घेणं.

डब्लेट आणि काच नगावर विकावी, किंमत घडाईची. कृत्रिम नीलम कॅरेटवर विकला तरी चालेल, पण तो भाव भट्टीतल्या मालाचा हवा आणि ‘कृत्रिम’ हा शब्द ‘नीलम’ला चिकटून, तेवढ्याच ठळक अक्षरांत. मावशीच्या बिलावर ‘डब्लेट, वर गार्नेट, खाली काच, १ नग’ असं हवं होतं.

"मग शनीला हा चालेल का?" तिने विचारलं. ते भिंगात दिसत नाही. अंगठीवर हॉलमार्क आहे, हे तिने मला दोनदा दाखवलं. पण तो फक्त सोन्याच्या शुद्धतेचा. खड्याशी त्याचा काही संबंध नाही.