सुट्या वाहिन्या आणि १९ रुपयांची मर्यादा

मूळ वर्गणीवर किती ग्राहक पैसे मोजून जादा सेवा घेतात, हे प्रमाण म्हणजे ॲटॅच रेट. केबल आणि डीटीएचच्या वाहिन्यांवर या आकड्याची खरी परीक्षा झाली. दक्षिण मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा सुट्या वाहिनीची कमाल किंमत ५ रुपये ठरली होती. तो प्रयोग मोजक्या भागांपुरता मर्यादित राहिला.

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्राय या दूरसंचार नियामकाची नवी दररचना देशभर लागू झाली. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी करांखेरीज कमाल १३० रुपयांचे जोडणी शुल्क ठरले आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे मोजायचे होते. छापील तक्त्यावर हव्या त्या वाहिन्यांपुढे खूण करा, असे केबलवाले सांगू लागले. पण १९ रुपयांहून महाग वाहिनी एकत्र विकल्या जाणाऱ्या वाहिन्यांच्या गटात घालता येत नसे, म्हणून लोकप्रिय वाहिन्यांची किंमत नेमकी १९ वर येऊन थांबली. गटावरील सवलतीला १५ टक्क्यांची मर्यादा होती, पण ती न्यायालयात टिकली नाही. समजा, दहा वाहिन्यांचा गट ४९ रुपयांना आहे आणि त्यातल्या तीन वाहिन्या प्रत्येकी १९ रुपयांच्या आहेत. त्या तिन्ही सुट्या घेतल्या तर ५७ रुपये होतात, त्यामुळे तीन वाहिन्या हव्या असलेला ग्राहक उरलेल्या सातही घरी आणतो. सुट्या वाहिन्यांचे प्रमाण घसरले की लोकांना निवड नको आहे असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या मते ती घसरण मागणीपेक्षा किंमतीची मांडणी दाखवते.

गोंधळ छेदातही आहे. एखाद्या केबलचालकाकडे १०,००० घरे आहेत असे धरू. त्यांपैकी ६,००० घरांच्या पॅकमध्ये क्रीडा वाहिनी आधीच आहे आणि १,२०० घरांनी ती वेगळी घेतली आहे. सर्व घरे धरली तर प्रमाण १२ टक्के येते; पण ज्यांना ती अजून विकता येत होती अशी घरे ४,०००च आहेत, आणि त्यांच्यावर ते ३० टक्के होते. पहिला आकडा पाहणारा वाहिनी स्वस्त करायला निघेल, तर दुसरा पाहणारा ती पॅकमधून बाहेर काढता येईल का, याचा विचार करील. पॅकमधल्या ६,००० पैकी किती जण ती खरोखर पाहतात, हे मात्र दोन्ही आकडे सांगत नाहीत.

सर्वांत मोठा वाद झाला तो २०२० च्या जानेवारीतील निर्णयावरून. गटात बसण्याची मर्यादा १९ वरून १२ रुपयांवर आणली गेली. लोकप्रिय वाहिन्या स्वस्त होतील किंवा गटाबाहेर पडून स्वतःच्या बळावर विकल्या जातील, असा त्यामागचा हिशेब होता आणि मला तो योग्य वाटतो, कारण गटाबाहेर पडलेल्या वाहिनीचा ॲटॅच रेट स्वच्छ मिळाला असता. प्रक्षेपक न्यायालयात गेले. २०२१ मध्ये निकाल बहुतांशी नियमांच्या बाजूने लागल्यावर त्यांनी मोठ्या वाहिन्या गटाबाहेर काढून १२ रुपयांपेक्षा जास्त किंमतीला जाहीर केल्या. वर्गणीदाराचे बिल वाढणार हे दिसू लागले, अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये १९ रुपयांची मर्यादा परत आली. सोबत गटावरील सवलतीला ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. म्हणजे १०० रुपयांच्या सुट्या वाहिन्यांचा गट ५५ रुपयांच्या खाली देता येत नाही. १५ टक्क्यांची मर्यादा टिकली असती तर हीच किंमत ८५ झाली असती आणि दोन-तीन वाहिन्यांवर भागवणाऱ्या घराला सुटी खरेदी परवडली असती.