पोहे १६० रुपये किलो? VLOOKUP वेडं झालं नाहीये, ते अर्धी यादी बघतच नाही

एका व्यापारी ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला, खाली लिहिलेलं "एक्सेलमध्ये बग आहे, कोणी सांगू शकेल का". किराणा मालाची छोटीशी रेट लिस्ट, शेजारी बिलाचा तक्ता, आणि बिलात पोह्यांचा दर १६० रुपये. रवा ६० रुपये, बेसनही ६० रुपये. गंमत म्हणजे तूरडाळ, साखर, शेंगदाणे, साबुदाणा सगळे अगदी बरोबर. खाली उत्तरं सुरू झाली, फाइल करप्ट झालीय, ऑफिस परत टाका, पेनड्राइव्हमधून व्हायरस आला असेल, एकाने तर मॉनिटरला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं (चेष्टेत सांगितलं असावं अशी आशा). फॉर्म्युल्याकडे कोणी बघितलंच नाही, आणि सगळं कारण तिथे उघड्यावर पडलेलं होतं.

यादी साधारण अशी होती, आकडे मी समजायला सोपे करून घेतलेत:

```
     A     B          C
2   104   तूरडाळ     160
3   112   साखर        44
4   109   पोहे        60
5   130   शेंगदाणे   140
6   118   रवा         46
7   125   बेसन       110
8   141   साबुदाणा    70
```

बिलात D2 मध्ये कोड टाकायचा आणि शेजारी दर यायला पाहिजे. त्यासाठी फॉर्म्युला होता हा:

```
=VLOOKUP(D2,A2:C8,3)
```

म्हणजे D2 मधला कोड घे, A2 ते C8 या तक्त्याच्या पहिल्या कॉलममध्ये शोध, सापडला की त्याच ओळीतली तिसऱ्या कॉलममधली किंमत दे. वाचायला एकदम ठीक वाटतं. पण VLOOKUP ला चौथी एक गोष्ट सांगायची असते आणि ती इथे सांगितलेलीच नाही. फॉर्म्युला टाइप करताना खाली जी छोटी पट्टी येते तिच्यात शेवटी `[range_lookup]` दिसतं, चौकोनी कंस म्हणजे नाही दिलं तरी चालेल, आणि चालतंच, एक्सेल काही तक्रार करत नाही. फक्त तुम्ही गप्प बसलात की ते परस्पर TRUE धरतं, म्हणजे अॅप्रॉक्झिमेट मॅच. तुम्हाला पाहिजे असतं FALSE, एक्झॅक्ट मॅच.

आता इथे बहुतेक जण समजतात की अॅप्रॉक्झिमेट म्हणजे "जवळात जवळचं" उत्तर. तसं असतं तर रव्याचा कोड ११८ शोधल्यावर ११८च मिळायला पाहिजे होतं ना, त्याच्याहून जवळचं काय असणार? आणि समजा ती ओळ दिसली नाही असं धरलं तरी ११२ मिळावं, १०९ कसं काय मिळालं? हे नीट बघण्यासारखं आहे, मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

TRUE असताना एक्सेल यादी वरून खाली वाचत नाही. ते बायनरी सर्च करतं. जाडजूड शब्दकोशात "मोरपीस" शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरू करत नाही, मधेच उघडतो, "त" दिसला तर पुढे जायचं हे लगेच कळतं आणि मागचा अर्धा कोश डोक्यातून जातो, परत उरलेल्याच्या मधे उघडतो. तसंच. प्रत्येक तुलनेत अर्धी यादी बाद. याचा फायदा जबरदस्त आहे, एक लाख ओळी असतील तर एकेक ओळ तपासताना सरासरी पन्नास हजार तुलना पडतील, बायनरी सर्चला सतराच्या आसपास पुरतात. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, हा आकडा म्हणजे २ चा विसावा घात, त्यामुळे शीट शेवटपर्यंत भरलेली असली तरी वीस-एकवीस तुलनांत काम होतं. VLOOKUP एक्सेलच्या अगदी पहिल्या, १९८५ च्या मॅकवरच्या आवृत्तीपासून आहे, त्या काळच्या मशीनवर ही बचत काय असेल याचा विचार करा.

पण अट एकच, यादी चढत्या क्रमाने लावलेली पाहिजे. शब्दकोशाची पानं सुटून कशीही बांधली असतील तर "त" दिसल्यावर पुढे जायचं हा निर्णयच चुकतो. आणि एक्सेल ही अट तपासत नाही, तपासायची म्हटली तर सगळ्या ओळी वाचाव्या लागतील आणि मग वेगाचा फायदाच गेला. ते सरळ गृहीत धरतं.

आता ११८ शोधून बघू. सात ओळी आहेत, A2 ते A8, मधली A5. तिथे १३०. ११८ हे १३० पेक्षा लहान, म्हणजे उत्तर वरच असणार, A5 पासून खालचं सगळं बाद. इथेच घात झाला, कारण खरा ११८ A6 मध्ये बसलाय आणि त्याच्याकडे आता कोणी बघणार नाही. उरल्या A2 ते A4, मधली A3, तिथे ११२. ११८ मोठा, म्हणून खाली जा. उरली फक्त A4, तिथे १०९. ११८ याच्याहूनही मोठा, आणि पुढे जायला जागा नाही. शोध संपला. नियम असा की शोधलेल्या आकड्यापेक्षा लहान किंवा त्याच्याइतकी जी ओळ शेवटी हातात राहिली ती द्यायची. हातात आहे A4. म्हणून रव्याच्या नावावर पोह्यांचा दर, ६० रुपये.

यात "जवळचं" शोधायचा प्रयत्न कुठेच नाहीये हे लक्षात घ्या, ११२ वरून एक्सेल पुढे निघून गेलं आणि १०९ वर जाऊन थांबलं, बस. यादी क्रमाने असती तर ही थांबायची जागा म्हणजेच "शोधलेल्यापेक्षा मोठा नसलेला सगळ्यात मोठा आकडा" निघाली असती, पण विस्कळीत यादीत ती जागा कुठेही येऊ शकते.

१२५ चा रस्ता अगदी हाच, १३० वरून वर, ११२ वरून खाली, १०९ वर मुक्काम, म्हणून बेसनही ६०. आणि पोहे, म्हणजे १०९? A5 ला १३०, वर जा, A3 ला ११२, अजून वर जा, A2 ला १०४, हा लहान, थांबा. मिळाली तूरडाळ, १६० रुपये. बाकीचे चार कोड नशिबाने रस्त्यात बरोबर भेटतात, १३० पहिल्याच फटक्यात, ११२ दुसऱ्या, १०४ आणि १४१ तिसऱ्या. म्हणून सातातले चार बरोबर आणि तीन चूक, आणि म्हणूनच ही चूक इतकी वाईट, सगळेच दर चुकले असते तर पहिल्या बिलालाच पकडलं असतं. इथे माणूस दोन-तीन ओळी तपासतो, बरोबर दिसतात, फाइल पुढे पाठवून देतो.

तुमच्या फाइलमध्ये हेच होतंय का हे ओळखायला एक साधा उपाय आहे, कॉलम नंबर ३ ऐवजी १ टाका:

```
=VLOOKUP(D2,$A$2:$C$8,1)
```

आता दर येणार नाही, एक्सेलने कुठली ओळ धरली तिचा कोड येईल. D2 मध्ये ११८ आहे आणि उत्तर १०९ आलं तर चोर सापडला.

दुरुस्ती एका शब्दाची:

```
=VLOOKUP(D2,$A$2:$C$8,3,FALSE)
```

FALSE च्या जागी 0 टाकलं तरी तेच. आता एक्सेल तोच कोड शोधतं आणि नसेल तर #N/A देतं, यादीचा क्रम कसाही असो. डॉलरची चिन्हं यासाठी की फॉर्म्युला खाली ओढला तर A2:C8 चं A3:C9, A4:C10 होत जातं आणि वरचे आयटम तक्त्याबाहेर पडतात, डॉलर लावले की तक्ता जागेवर राहतो.

"VLOOKUP वापरायचं तर आधी सॉर्ट करावंच लागतं" ही समजूत पण जाता जाता काढून टाकू. FALSE दिलं की सॉर्टची काही गरज नाही. आणि उलट बाजूने, TRUE ठेवून नुसतं सॉर्ट केलं तर रोग दबतो, जात नाही. वरची यादी क्रमाने लावा, सातही दर बरोबर येतील, मग चुकून ११९ टाइप करा, असा कोडच नाही पण एक्सेल शांतपणे ११८ चा, रव्याचा दर देईल.

मग TRUE ठेवलाच कशाला? स्लॅबसाठी. दहावीच्या निकालात ३५ पासून पास, ४५ पासून द्वितीय श्रेणी, ६० पासून प्रथम, ७५ पासून विशेष प्राविण्य, तर ५९ टक्केवाल्याला ४५ ची ओळ मिळायला पाहिजे, ५९ अशी ओळ तक्त्यात नसतेच. तिथे TRUE बरोबर, फक्त तक्ता ०, ३५, ४५, ६०, ७५ असा चढता पाहिजे. आपल्याला वरून "विशेष प्राविण्य" लिहायची सवय असते, तसा उलटा तक्ता केलात तर ५९ चा शोध मधल्या ४५ वरून खाली सुटतो आणि थेट ० वर, म्हणजे नापासावर जाऊन टेकतो. ८० टक्केवाल्याचंही तेच.

"VLOOKUP मेलं, आता XLOOKUP शिका" असे व्हिडिओ सध्या पुष्कळ दिसतात. XLOOKUP चांगलंच आहे, त्यात न सांगता एक्झॅक्ट मॅच धरला जातो, पण ते एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिळतं, २०१६ किंवा २०१९ वाल्या मशीनवर नाही, आणि दुकानातल्या मशीनवर काय असतं ते आपल्याला माहितीये. INDEX आणि MATCH वापरणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये, MATCH चा तिसरा आकडा सोडला तर तेही अॅप्रॉक्झिमेटच धरतं, तिथे 0 द्यावा लागतो. गूगल शीट्समधल्या VLOOKUP ची सवय पण हीच.

एक राहिलं. FALSE टाकल्यावर कधीकधी अचानक बऱ्याच ओळींत #N/A येतात आणि लोक घाबरून परत TRUE करतात. ते करू नका, ती चूक आधीपासून होती, आत्ता दिसायला लागली इतकंच. ते कोड यादीत सापडत नाहीत असा त्याचा अर्थ. कोड यादीत डोळ्यांना दिसतोय तरी #N/A येत असेल तर बहुतेक वेळा एका बाजूला ११८ हा आकडा असतो आणि दुसऱ्या बाजूला ११८ हा मजकूर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून डेटा उतरवला की असं होतं. सेल डावीकडे चिकटलेला आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तर तेच समजा. बिलातला कोड मजकूर असेल तर असं:

```
=VLOOKUP(VALUE(D2),$A$2:$C$8,3,FALSE)
```

यादीतलेच कोड मजकूर असतील तर VALUE(D2) च्या जागी D2&"" टाका. कोड अक्षरी असतील तर मागे एखादी स्पेस राहिलेली असते, ती TRIM ने जाते. आणि #N/A दिसायला वाईट म्हणून IFERROR लावून त्या जागी शून्य आणू नका, बिलात तो माल फुकट जाईल. IFNA लावून "यादीत नाही" असं लिहून आणा, म्हणजे कोणता कोड तपासायचा ते बिल हातात घेतल्या घेतल्या कळेल.