समाजमाध्यमांवरील लघुकविता

समाजमाध्यमांवर दोन ते चार ओळींत पूर्ण होणारी कविता. मराठीत तिचे दोन ठळक पूर्वज आहेत: शिरीष पै यांनी रुजवलेला तीन ओळींचा हायकू आणि चंद्रशेखर गोखले यांच्यामुळे घरोघरी पोहोचलेली चारोळी. चारोळीत बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक जुळते, आणि कवितेचा सुविचार होण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो. उदाहरणार्थ, राहते घर विकण्यावरचा हा पहिला खर्डा:

विकता येतात भिंती फक्त,
विकत नाही कुणी माया;
घर गेले तरी राहते
डोक्यावर त्याची छाया

इथे ‘माया’ हा शब्द आला आणि ‘छाया’ त्याच्या मागोमाग आपोआप आली. म्हणजे शेवटचा विचार कवीला सुचलेला नाही, तो यमकाने पुरवला आहे. तपासायला सोपा उपाय असा: मुख्य नाम बदलून पाहावे. ‘घर’ऐवजी ‘गाव’ घातले तरी शेवटच्या दोन ओळी तशाच उभ्या राहतात. मग त्या घराविषयी काहीच सांगत नाहीत.

दुरुस्ती करताना आधी माया, छाया, आठवण, नाते अशी भाववाचक नामे काढून टाकावीत. मग त्या प्रसंगात माणसाचे हात नेमके काय करत होते ते आठवावे. घर विकताना सही होते, पैसे मिळतात, किल्ली दिली जाते. यांतली किल्ली हाताशी धरली तर दुसरा खर्डा असा होतो:

घर विकलं.
किल्ली देताना
तिची जुनी दोरी
सोडवून घेतली

यमक गेले, पण दोरी कुणी बांधली होती आणि ती आता कशाला हवी, हे प्रश्न वाचकाकडे आले. कवितेला खोली येते ती या न सांगितलेल्या भागातून. मात्र पहिली ओळही गाळली तर उरते ते कोडे, कारण घर विकल्याचे कळल्याशिवाय दोरी सोडवण्याला वजन नाही. प्रसंग कळण्यापुरती माहिती ठेवावी, भावना सांगणारी काढावी. ‘जुनी’ हे विशेषण मात्र राहू द्यावे; दोरी बरीच वर्षे वापरात होती एवढे ते एकटे सांगते.

ओळ कुठे तोडायची हेही अर्थाचेच काम आहे. वरच्या कवितेत ‘देताना’नंतर क्षणभर थांबावे लागते. ओळ लांब असेल तर छोट्या पडद्यावर किंवा मोठ्या अक्षरांच्या फोनवर ती भलत्याच जागी मोडते, म्हणून एका ओळीत दोन-तीन शब्द पुरेत. चित्र करून टाकल्यास ओळी हलत नाहीत. पण दृष्टिहीन वाचकांसाठी चित्राच्या पर्यायी मजकुरात पूर्ण कविता लिहावी लागते.

बऱ्याच चांगल्या कविता खाली जोडलेल्या ओळीत बिघडतात. वरच्या ओळींखाली ‘आठवणी विकता येत नाहीत’ असे लिहिले, की पहिल्या खर्ड्यातून काढलेला सुविचार मागच्या दाराने परत येतो. तिथे कवीचे नाव आणि फार तर तारीख द्यावी.